मंचावर लेखक बसलेला असताना पुस्तकाबद्दल काय बोलावं

"पुढच्या महिन्यात जळगावात आमच्या शाळेतल्या निवृत्त सरांच्या ललित लेखसंग्रहाचं प्रकाशन आहे. पुस्तक परिचयासाठी मला दहा मिनिटं दिली आहेत. सरांनी मला घडवलं, त्यामुळे लिहायला बसलं की सगळं सरांवरच येतं. ऐकणाऱ्याला पुस्तक उघडावंसं वाटेल असं बोलायचं आहे. पण सरांबद्दल कमी बोललो तर त्यांना वाईट वाटेल का? नेमकी तयारी कशी करू?"

सगळ्यात आधी आयोजकांकडून कार्यक्रमपत्रिका मागवून घ्या आणि तुमच्या आधी कोण कोण बोलणार आहे ते बघा. आपल्याकडचा क्रम साधारण ठरलेला असतो. दीपप्रज्वलन, स्वागत, सत्कार, प्रास्ताविक, मग लेखकाचा परिचय, मग प्रकाशकाचे दोन शब्द. तुमची पाळी येईपर्यंत सरांना शाल-श्रीफळ मिळालेलं असतं, निदान चार जणांनी त्यांचा गौरव केलेला असतो, आणि सूत्रसंचालक प्रत्येकाच्या मधे त्यात भर घालत असतो. तुमच्यानंतर प्रमुख पाहुणे आणि अध्यक्ष आहेत, तेही सरांबद्दलच बोलतील. समोर बसलेले बहुतेक जण सरांचे नातेवाईक, सहकारी, माजी विद्यार्थी. सर कसे आहेत हे त्यांना तुमच्याइतकंच ठाऊक आहे. त्या सभागृहात कोणालाच माहीत नसलेली एकच गोष्ट आहे, ती म्हणजे पुस्तकाच्या आत काय आहे. पाच मिनिटांपूर्वीपर्यंत ते रंगीत कागदात गुंडाळलेलं होतं. ते आतलं सांगायला सबंध कार्यक्रमात एकाच माणसाला वेळ दिलेला आहे आणि तो माणूस तुम्ही आहात. ती दहा मिनिटंही सरांवर गेली, तर लोक दीड-दोन तास पुस्तकाच्या कार्यक्रमाला बसून पुस्तकाबद्दल काहीच न ऐकता घरी जातील.

मी तालुक्याच्या एका वाचनालयात सव्वीस वर्षं ग्रंथपाल आहे. जळगाव, धुळे, अमळनेर, शहादा या भागांत मिळून साठेक पुस्तकांचा परिचय करून दिला असेल. सुरुवातीच्या पाच-सात वेळा मीही तुमच्यासारखाच लेखकावर बोललो. कार्यक्रम झाल्यावर लोक येऊन हात हातात घेत, "छान बोललात" म्हणत आणि चहाकडे जात. पुस्तकांच्या टेबलावरचा गठ्ठा तसाच राही.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. परिचय वेगळा आणि भाष्य वेगळं. कार्यक्रमात भाष्यकार म्हणून दुसरं कोणी असेल, तर पुस्तकाचं मूल्यमापन त्यांच्यावर सोडा. नसेल, तर मर्यादेबद्दल एक-दोन वाक्यं तुम्हालाच बोलावी लागतील. लेखकाचा परिचय वेगळा ठेवला आहे का, तेही विचारा. ठेवला नसेल, तर तुमच्या दहातलं एक मिनिट त्यासाठी द्यावं लागेल. तिसरं म्हणजे तुमचं बोलणं प्रकाशनाआधी आहे की नंतर. मी नेहमी नंतर मागून घेतो, कारण मग पुस्तक हातात उघडं धरून बोलता येतं. आणि चौथं, छापून आलेली प्रत मिळणार आहे की नुसती मुद्रितं? माझ्याकडे एकदा मुद्रितंच आली होती. मी मंचावरून ठणकावून पान क्रमांक सांगितला. मागून कोणीतरी लांबलचक प्रस्तावना जोडली होती, त्यामुळे पानं आठाने पुढे सरकली होती. एका मुलीने टेबलावर ते पान उघडलं, तर तिथे दुसराच मजकूर. तेव्हापासून मी शेवटची प्रत हातात आल्याशिवाय पान क्रमांक बोलत नाही. प्रत उशिरा मिळणार असेल, तर लेखाचं नाव सांगतो.

तयारीची पद्धत मी एका पुस्तकाच्या आधाराने सांगतो, म्हणजे नुसते नियम वाटणार नाहीत. काही वर्षांपूर्वी धुळ्यात एका निवृत्त शिक्षकांनी पांझरा नदीवरच्या फड पद्धतीबद्दल लिहिलेल्या पुस्तकाचा परिचय माझ्याकडे आला. जळगावकडच्या वाचकांसाठी दोन ओळीत फड सांगतो. नदीवर दगडी बंधारा, त्यातून काढलेला पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठाले भाग म्हणजे फड. एका फडात एका वेळी एकच पीक, आणि पिकं वर्षागणिक फडांतून फिरती. पांझरा, मोसम, आराम या नद्यांच्या खोऱ्यांत ही पद्धत शेकडो वर्षं चालली. पाणी फिरवणारा पाटकरी, पिकाची राखण करणारा जागल्या, देखरेखीला हवालदार, हे सगळे गावकऱ्यांनीच नेमलेले. पुस्तक दोनशेच्या आसपास पानांचं होतं आणि लेखक मला वडिलांच्या जागी. म्हणजे तुमची जी अडचण आहे तीच माझी होती.

पहिल्या वाचनात मी काहीच टिपून घेत नाही. हातात पेन्सिल असते, आणि वाचताना जिथे मी थांबलो, मागचं पुन्हा वाचलं किंवा घरात कोणाला तरी वाचून दाखवलं, तिथे समासात बारीक रेघ मारतो. का थांबलो याचा विचार तेव्हा करायचा नाही. दोन-तीन दिवस जाऊ देतो. दुसऱ्या वाचनात फक्त त्या रेघांपाशी जातो आणि प्रत्येकीसाठी एक चिठ्ठी करतो. चिठ्ठीवर तीन गोष्टी असतात: पान, तिथे मला काय नवं कळलं, आणि सभागृहात बसणाऱ्यांपैकी हे कोणाला हवं असेल. तिसरी गोष्ट लिहिता आली नाही, तर ती चिठ्ठी बाजूला. मला आवडलं एवढ्यावर ती मंचावर जात नाही.

त्या पुस्तकात माझ्या चाळीसेक रेघा होत्या. तिसऱ्या प्रश्नाने त्यातल्या तीन उरल्या. पहिली, पाणी कमी असलेल्या वर्षी गाव काय ठरवत असे. दुसरी, पाटकऱ्याची रात्र. तिसरी, ही पद्धत मोडत का गेली. दहा मिनिटांत तीनच मावतात, हे मी अनुभवाने सांगतो. चौथी घेतली की प्रत्येकीचं नुसतं नाव घेऊन पुढे जावं लागतं, आणि ऐकणाऱ्याच्या हाती अनुक्रमणिकेपलीकडे काही लागत नाही.

चिठ्ठ्या समोर ठेवूनही माझा पहिला खर्डा असा उतरला होता: "सरांची चाळीस वर्षांची तपश्चर्या या ग्रंथात प्रकट झाली आहे. ओघवती भाषा, सखोल अभ्यास आणि मातीशी असलेली नाळ यांमुळे हा ग्रंथ वाचकाला खिळवून ठेवतो. प्रत्येकाने संग्रही ठेवावा असा हा ऐवज आहे." लिहिताना डोळ्यांत पाणी होतं, खोटं एक अक्षर नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी मी त्यात लेखकाचं नाव काढून, केळीच्या लागवडीवर पुस्तक लिहिणाऱ्या एका ओळखीच्या लेखकाचं नाव घातलं. एकही शब्द बदलावा लागला नाही. ही परीक्षा तुम्ही तुमच्या खर्ड्याला लावा. जे वाक्य दुसऱ्या पुस्तकालाही बसतं, ते तुमच्या पुस्तकाबद्दल काही सांगत नाही. सिद्धहस्त, ओघवती, अंतर्मुख करणारं, संग्राह्य, मातीशी नाळ, हे शब्द दिसले की तिथे थांबा आणि स्वतःला विचारा, हे मला कुठल्या पानावर वाटलं? ते पान सापडलं तर शब्द काढा आणि पान सांगा. नाहीच सापडलं, तर शब्दही जाऊ द्या.

मग मी सुरुवात बदलली. मंचावर प्रत्यक्ष बोललो ते असं: "समजा, यंदा नदीला निम्मंच पाणी आहे. बंधाऱ्याखाली चार फड आहेत आणि पाणी दोनच फडांना पुरेल. मग कोणाचं शेत कोरडं ठेवायचं? आणि हे ठरवायचं कोणी? आज आपण हा प्रश्न घेऊन कचेरीत जाऊ, नाहीतर कोर्टात. पांझरेकाठच्या गावांनी याचं उत्तर बांधावर बसून काढलं होतं आणि पिढ्यानपिढ्या पाळलं होतं. ते उत्तर काय होतं, हे या पुस्तकाच्या दुसऱ्या प्रकरणात आहे."

यात लेखकाचं नाव नाही, एकही विशेषण नाही. पण सभागृहात अर्धे लोक शेतकरी किंवा शेतकऱ्याची मुलं होती. पाणी वाटण्यावरून झालेलं भांडण प्रत्येकाने घरात किंवा शेजारी पाहिलेलं होतं. प्रश्न कानावर पडताच पुढच्या रांगेतली कुजबूज थांबली. पुस्तक ज्या प्रश्नाचं उत्तर देतं, तो प्रश्न ऐकणाऱ्याचा स्वतःचा करून द्यायचा, एवढंच सुरुवातीचं काम. तो प्रश्न शोधायला मात्र पूर्ण पुस्तक वाचावं लागतं. मलपृष्ठावरून तो सापडत नाही.

उत्तर किती सांगायचं यावर मी बराच विचार केला होता. सगळं झाकून ठेवलं तर लोकांना आपण टांगल्यासारखं वाटतं, सगळं सांगितलं तर पुस्तकाकडे वळायचं कारण उरत नाही. मी निम्मं सांगितलं. बहुतेक शेतकऱ्यांचे जमिनीचे तुकडे एकाहून जास्त फडांत असत. त्यामुळे पाण्याअभावी एखादा फड पडीक ठेवला, तरी तोटा एकाच घरावर कोसळत नसे, थोडा थोडा सगळ्यांच्या वाट्याला येई. हे तत्त्व मी सांगितलं. पण मग ज्याची सगळी जमीन नेमकी त्या पडीक फडातच होती, त्याचं काय? हा प्रश्न मी विचारला आणि तिथेच सोडला. लेखकाने त्यावर चार पानं खर्ची घातली होती, ती वाचकांसाठीच होती.

दुसऱ्या चिठ्ठीसाठी मी बोललोच नाही, वाचून दाखवलं. एका म्हाताऱ्या पाटकऱ्याशी झालेलं बोलणं त्या पानावर होतं. रात्री अंधारात तो पाटातल्या पाण्यात हात घालून बसायचा आणि धार बारीक झाली की वरच्या अंगाला कोणीतरी पाट फोडलाय हे ओळखायचा. सव्वाशे शब्दांचा उतारा, वाचायला सव्वा मिनिट. "भाषा ओघवती आहे" असं सांगण्यापेक्षा ही सव्वा मिनिटं जास्त काम करतात, कारण भाषा कशी आहे ते ऐकणारा स्वतः ठरवतो. उतारा निवडताना दोन गोष्टी बघा. मागचा-पुढचा संदर्भ न देता तो समजला पाहिजे, आणि त्यात एक तरी गोष्ट डोळ्यांसमोर उभी राहिली पाहिजे. चिंतनाचा परिच्छेद घरी बसून वाचायला कितीही सुंदर असला, तरी पंख्यांच्या घरघरीत आणि कर्ण्याच्या आवाजात तो विरून जातो. उतारा घरी तीनदा मोठ्याने वाचा आणि श्वास कुठे घ्यायचा तिथे खुणा करा.

बोलीचा मुद्दा इथेच सांगतो. सरांच्या लेखांत अहिराणी किंवा लेवा गणबोलीतले संवाद असतील आणि ती बोली तुमच्या घरातली असेल, तर तोच उतारा घ्या. सभागृह एकदम जवळ येतं. पण बोली तुमची नसेल, तर उसना हेल काढू नका. धुळे-अमळनेरकडच्या माणसाला अहिराणी आणि यावल-रावेरकडच्या माणसाला लेवा बोली चुकीची म्हटलेली लगेच कळते, आणि मग लक्ष उताऱ्यावरून उच्चारावर जातं. सरळ सांगावं की हे संवाद सरांच्या तोंडून ऐकण्यासारखे आहेत, आणि दुसरा उतारा घ्यावा.

आणखी एक सवय आपल्या भागात आहे, ती मला मनापासून टाळावीशी वाटते. खान्देशात कोणतंही पुस्तक असो, भाषणाची सुरुवात बहिणाबाईंच्या ओळींनी होते. अमळनेरला असलो तर साने गुरुजींचं स्मरण, धरणगावला बालकवींचं. ही आपली माणसं आहेत, त्यांच्याबद्दल मला अपार प्रेम आहे. पण समोरच्या पुस्तकाचा त्यांच्याशी संबंध नसेल, तर पहिलं दीड मिनिट लोकांना आधीच पाठ असलेल्या ओळींत जातं आणि नव्या लेखकाची ओळ त्यांच्यासमोर येतच नाही. त्या दीड मिनिटात सरांचं एक वाक्य वाचा.

तिसरी चिठ्ठी नाजूक होती. फड मोडत गेले त्याची कारणं लेखकाने मांडली होती: नदीवर वर झालेली धरणं, वाढत गेलेल्या विहिरी, स्वतःच्या विहिरीचं पाणी असलेल्याला गावाच्या पाळीची गरज न उरणं. सभागृहात धरणाचा लाभ झालेलेही होते आणि पाट कोरडा पडलेलेही होते. मी माझं मत दिलं नाही. लेखकाने कोणाकोणाशी बोलून हे लिहिलं आहे आणि दोन्ही बाजूंची माणसं कुठल्या प्रकरणात भेटतील, एवढं सांगितलं. परिचय देणाऱ्याने वादात उडी घेतली की पुढचे वक्ते त्यालाच उत्तर देत बसतात आणि पुस्तक बाजूला पडतं. असा प्रसंग मी पाहिला आहे.

आता तुमच्या मनातली खरी भीती, सरांना काय वाटेल. माझा अनुभव असा की लेखकाला स्तुती कमी पडल्याचं दुःख होत नाही, आपलं पुस्तक न वाचताच कोणी बोललं हे कळल्याचं होतं. आणि ते त्याला पहिल्या दोन मिनिटांत कळतं. फडांच्या त्या कार्यक्रमात मी लेखकाबद्दल तीनच वाक्यं बोललो. ते तीन उन्हाळे मोटारसायकलवर काठाकाठाने गावं फिरले. उन्हाळा निवडला, कारण नदी आटल्यावर जुन्या बंधाऱ्याचा पाया दिसतो. आणि एकाच गोष्टीबद्दल दोन गावांनी दोन हकिकती सांगितल्या, तेव्हा त्यांनी दोन्ही छापल्या. ही स्तुती म्हणून मी बोललो नव्हतो, पुस्तकातल्या माहितीवर विश्वास का ठेवावा याचा तो पुरावा होता. लेखकाचं आयुष्य, कष्ट, स्वभाव यांतलं जे पुस्तकाच्या पानात उतरलं आहे ते जरूर सांगा. त्यांना मिळालेले पुरस्कार, त्यांनी तुमची भरलेली फी, त्यांचा करडा आवाज, हे तुमच्या मनात खरंच आहे, पण ते तुमच्यापाशी ठेवा किंवा कार्यक्रम संपल्यावर त्यांना एक पत्र लिहा. माझ्या एका शिक्षकांना मी असं पत्र लिहिलं होतं. त्यांच्या टेबलाच्या खणात ते शेवटपर्यंत होतं, असं नंतर त्यांच्या मुलीने सांगितलं.

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी सरांना फोन करा. भाषण वाचून दाखवायचं नाही, मंजुरी मागायची नाही. कोणतं पान वाचणार आहात आणि पुस्तकाची कोणती मर्यादा बोलून दाखवणार आहात, एवढंच सांगायचं. एकदा एका लेखकाने मला फोनवर म्हटलं, "ते पान नको, भाऊ. त्या माणसाचा मुलगा समोर बसणार आहे आणि वडील जाऊन महिनाही झाला नाही." मला हे कळण्याचा दुसरा मार्गच नव्हता. मर्यादेबद्दलही तसंच. फडांच्या पुस्तकात नकाशा नव्हता. पांझरेकाठची गावं ज्याला ठाऊक नाहीत, तो चौथ्या प्रकरणात गोंधळतो. मी लेखकांना आधी सांगितलं. ते म्हणाले, "बोला, मलाही खटकतंय." मंचावर मी म्हटलं, "वाचताना शेजारी जिल्ह्याचा नकाशा ठेवा, पुस्तकात तो नाही." उणीव सांगितली, पण वाचकाला उपयोगी पडेल अशा रूपात. पुस्तक कोणासाठी नाही हेही असंच सांगता येतं. पाटबंधाऱ्याचं तंत्र, मोजमापं, आकडे हवे असणाऱ्याला त्यात फार काही मिळालं नसतं, तसं मी स्पष्ट बोललो. पुढे बसलेल्या एका अभियंत्याने तरीही प्रत घेतली, आणि काय मिळणार नाही हे आधीच कळल्यामुळे त्यांची निराशा झाली नाही.

तुमचं पुस्तक ललित लेखांचं आहे, तिथे थोडं वेगळं करावं लागेल. माहितीपर पुस्तकाला एक प्रश्न असतो, लेखसंग्रहाला तो बहुधा नसतो. समजा बावीस लेख आहेत. लोक काय करतात, तर एकेका लेखाला एक वाक्य देतात, आणि बावीस वाक्यांनंतर कोणालाच काही आठवत नाही. तुम्ही दोन लेख घ्या, एकमेकांहून वेगळे. एक हसवणारा असेल तर दुसरा गप्प करणारा. त्यांच्यातला धागा शोधताना "माणुसकी" किंवा "संस्कार" अशा मोठ्या शब्दांपाशी जाऊ नका, डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूंपाशी जा. सरांच्या लेखांत कोणती जागा पुन्हा पुन्हा येते? शाळेचा व्हरांडा, एखादी विहीर, एसटीचा थांबा, केळीचा बाग? कोणती वेळ येते? समजा सात लेखांत तीच विहीर आहे, पहिल्या लेखात तिच्यावर मोट चालते आणि शेवटच्या लेखात तिच्यात कचरा टाकलेला आहे. मग तुम्हाला सांगायला एक गोष्ट मिळाली: हे पुस्तक सलग वाचलं तर एका विहिरीचं आयुष्य दिसतं. एकेक लेख वर्तमानपत्रात सुटा वाचलेल्या माणसाला हे दिसलेलं नसतं. लेख आधी कुठे छापून आले असतील, तर ते लपवू नका, उलट पुस्तक करताना काय बदललं किंवा नवीन काय घातलं ते सरांना विचारून सांगा. "मी तर हे सगळं वाचलंय" म्हणणाऱ्याला त्याचं उत्तर मिळतं. लेखाचा शेवट मात्र कधी फोडू नका. ललित लेखात तो बहुधा शेवटच्या चार ओळींत असतो आणि मंचावरून सांगितला की त्याचा जीव जातो.

हे पुस्तक कोणासाठी, हे सांगताना "सर्वांसाठी" म्हणू नका. ज्यांनी वसतिगृहात दिवस काढले, ज्यांच्या घरची शेती आता वाट्याने दिली आहे, ज्यांची मुलं पुण्याला आहेत आणि घर बंद आहे, असं नेमकं बोला. समोर बसलेला माणूस स्वतःला ओळखतो, नाहीतर "हे आपल्या भावासाठी घ्यावं" असं म्हणतो. दोन्ही चालतं. पानं किती, किंमत किती, छायाचित्रं आहेत का, हे एका वाक्यात शेवटाकडे सांगून टाका. त्यात संकोच करू नका, लोकांना ते विचारायचंच असतं.

वेळेचं गणित असं. मंचावरून सावकाश बोलताना माझे मिनिटाला एकशे दहाच्या आसपास शब्द होतात. म्हणजे दहा मिनिटांसाठी हजार-अकराशे शब्द. मी नऊशेच लिहितो, कारण माईक पुढे-मागे करण्यात, पान उघडण्यात आणि पाहुणे उशिरा आले तर त्यांच्या स्वागतात एखादं मिनिट जातंच. दुसरी तयारी चार मिनिटांची ठेवा. सत्कार लांबले की सूत्रसंचालक कानाशी येऊन "सर, थोडक्यात" म्हणतो, आणि पहिली कात्री नेहमी पुस्तक परिचयालाच लागते. अशा वेळी घाईघाईने सगळं बोलायला जाऊ नका. सुरुवातीचा प्रश्न, उतारा आणि "कोणासाठी", एवढं ठेवा, बाकी सोडा. उतारा तर अजिबात सोडू नका. एका कार्यक्रमात मला तीनच मिनिटं उरली होती, तेव्हा मी दोन वाक्यं बोलून उतारा वाचला आणि बसलो. त्या दिवशी दहा मिनिटांत झालं असतं त्याहून कमी काम झालं, असं मला वाटत नाही.

आपलं बोलणं पोचलं की नाही हे टाळ्यांवरून कळत नाही, त्या स्तुतीला जास्तच पडतात. मंचावरून खाली उतरल्यावर पाच मिनिटं पुस्तकांच्या टेबलाजवळ उभं राहा आणि लोक काय विचारतात ते ऐका. "सर फार मोठे आहेत हो" असं कोणी तुम्हाला म्हणालं, तर तुम्ही सरांवर बोललात. फडांच्या कार्यक्रमानंतर धोतर-टोपीतले एक आजोबा टेबलाशी आले आणि पुस्तकाला हात न लावता मला विचारू लागले, "भाऊ, आमना गावना बांध यामा शे का?" त्यांच्या गावचा बंधारा पुस्तकात आहे का, हे मला तिथल्या तिथे आठवेना. मागे गावांची सूची होती, तिच्यात बघून पान काढलं. त्यांच्या गावाबद्दल अवघ्या सहा ओळी होत्या. नातवाने त्या उभ्याउभ्याच मोठ्याने वाचल्या, आणि आजोबांनी त्यातली एक चूकही सांगितली. मी लेखकांना हाक मारून तिथे आणलं.

तेव्हापासून मी टेबलावर बसणाऱ्या मुलांना आधीच एक चिठ्ठी देऊन ठेवतो. मी ज्यांचा उल्लेख करणार त्या लेखांची नावं, त्यांचे पान क्रमांक आणि वाचणार तो उतारा कुठे आहे, एवढंच तिच्यावर असतं. तुम्हीही द्या. बाहेर आल्यावर लेखाचं नाव कोणाच्या लक्षात राहत नाही. "ते विहिरीवालं कुठंय?" असंच विचारतात, आणि त्या मुलाला लगेच पान उघडून देता आलं पाहिजे.